नेहमीप्रमाणे मीठ

एकटा राहू लागलेल्या माणसाला कोणतं पुस्तक द्यावं, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आमचे धाकटे काका चौऱ्याहत्तर वर्षांचे. काकू गेल्यावर मुलगा म्हणाला, हुबळीला चला. काका म्हणाले, बेळगावचं घर सोडणार नाही. मग दोघांत ठरलं, की चार महिने बघायचं. रोजचं जेवण स्वतःचं स्वतः होतंय आणि संध्याकाळी घर खायला उठत नाही, एवढं जमलं तर काका इथेच राहणार. तेव्हा त्यांच्या टेबलावर कोणती पुस्तकं जातात याला नुसत्या आवडीपेक्षा जास्त वजन होतं. ती पुस्तकं चाळताना मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत गेले: हे पुस्तक आपला वाचक कोण आहे असं धरून चाललंय?

पहिली अर्थातच ‘रुचिरा’. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक 1970 साली आलं आणि मराठी लग्नांत भांड्यांबरोबर आहेरात जाऊ लागलं. त्याचं मोठेपण मापात आहे. ‘थोडं’, ‘अंदाजाने’ या शब्दांच्या जागी त्यांनी वाटी आणि चमचा ठेवला. सासूजवळ उभं राहून शिकायची सोय नसलेल्या मुलीला त्यामुळे परक्या गावातही स्वयंपाक करता आला. आजही मी नवीन पदार्थाला हात घालताना तेच पुस्तक काढते.

पण तो वाचक म्हणजे लग्न होऊन आलेली मुलगी. तिने रांधलेलं नसेल, पण रांधताना पाहिलेलं आहे. ओट्यापाशी बसून शेंगा सोललेल्या आहेत, आईने हाक मारली की गॅस बंद केलेला आहे. म्हणून आपल्या पाककृतींना ‘फोडणी करावी’ एवढे दोन शब्द पुरतात. काकांना ते पुरले नाहीत. पन्नास वर्षं त्यांनी फोडणीचा वास बाहेरच्या खोलीतून घेतला होता. तेल किती तापलं म्हणजे तापलं, हे त्या वासातून कसं कळणार? ‘खमंग भाजावे’, ‘शिजत आल्यावर’, ‘चवीपुरते मीठ’ ही वाक्यं त्यांना कन्नडापेक्षा परकी. कन्नड त्यांना उत्तम येतं.

दुसरी अडचण एका माणसाची. अशी पुस्तकं चार-पाच माणसांचं घर धरून लिहिलेली असतात, आणि आपण सहज म्हणतो, त्याचा चौथा हिस्सा करा. डाळ-तांदळाचा चौथा हिस्सा होतो. फोडणीचा होत नाही. मोठ्या कढईत चमचाभर तेल घातलं की ते पातळ पसरतं, आणि मोहरी तडतडायच्या आत काळं पडतं. काकांची पहिल्या आठवड्यातली आमटी कडू व्हायची ती याच कारणाने. ते डाळीला दोष देत होते.

म्हणून मी एकच पदार्थ घेतला, वरणभात, आणि पुस्तकाने गाळलेलं सगळं मध्ये भरून बघितलं. पाव वाटी तूरडाळ दोनदा धुवायची, अर्धा तास पाण्यात ठेवायची. मग पाणी बदलून पाऊण वाटी नवं घालायचं, त्यात चिमूटभर हळद आणि तेलाचा थेंब. दुसऱ्या भांड्यात अर्धी वाटी तांदूळ आणि सव्वा वाटी पाणी. कुकरच्या तळाला दोन वाट्या पाणी. हे पाणी पुस्तकं कित्येकदा सांगतच नाहीत, आणि नवा माणूस नेमकं तेच विसरतो. भांड्यांत पाणी घातलं म्हणजे झालं असं त्याला वाटतं. चार शिट्ट्या, नंतर पाच मिनिटं बारीक आच, मग बंद. आणि इथे थांबायचं. शिट्टी हलकी उचलल्यावर फुस्स आवाज येतो तोवर झाकणाला हात लावायचा नाही. दहा-पंधरा मिनिटं लागतात. भूक लागलेल्या माणसाला ती फार वाटतात, पण डाळ त्याच वेळात मऊ होते.

बिघडलं तर कसं ओळखायचं हेही लिहिलेलं हवं. शिट्टी येत नाही आणि कडेने वाफ जाते, म्हणजे झाकणाची रबरी रिंग सैल झाली. गॅस बंद करून, वाफ पूर्ण गेल्यावर ती काढायची आणि गार पाण्याखाली धरून परत बसवायची. तरीही नाही जमलं तर नवी आणायची. करपल्याचा वास आला म्हणजे तळाचं पाणी संपलं. डाळीचा दाणा बोटांत दाबून मधे कणी लागली, तर डाळ जुनी आहे किंवा पाणी जड आहे. पुढच्या वेळी तासभर भिजवायची.

आता फोडणी. कढई नको, लोखंडी पळी किंवा लहान कढलं घ्यायचं. त्यात दोन लहान चमचे तेल, मध्यम आच. मोहरीचा एकच दाणा टाकून बघायचा. तो तळाशी बसून राहिला तर थांबायचं, लगेच वर येऊन फुटला तर तेल तयार. मग पाव चमचा मोहरी. तडतड कमी झाली की जिरं, चिमूटभर हिंग, आणि लगेच गॅस बंद. हळद-तिखट गॅस बंद केल्यावर, कारण तेलात उरलेली ऊब त्यांना पुरते. मीठ एका मोठ्या वाटीला पाव चमचा, चाखून मग हवं तर चिमूट. हे सगळं लिहायला ‘फोडणी करावी’च्या दहापट जागा लागते, हे खरं. पण त्या दोन शब्दांत बायकांची एवढी माहिती दडलेली होती, हे मला काकांमुळे स्वच्छ दिसलं.

काकांकडे दुसरंही एक पाकपुस्तक होतं: काकूंची वही. निळ्या पुठ्ठ्याची, तेलाचे डाग पडलेली. सगळ्यांना वाटलं, हिच्याहून चांगलं काय असणार. वाचक म्हणून सांगते, ती त्यांच्या हातातली सगळ्यात अवघड पोथी होती. काकूंनी ती दुसऱ्या कुणासाठी लिहिलीच नव्हती. ‘मेथीची डाळभाजी – ताईंच्या पद्धतीने, पण गूळ कमी.’ ताईंची पद्धत कोणती, ते नाही. ‘मीठ नेहमीप्रमाणे.’ सहा माणसांची मापं, कारण एके काळी घरात सहा माणसं होती. वही म्हणजे काकूंनी स्वतःला दिलेली आठवण; जे त्यांच्या हाताला माहीत होतं ते कागदावर कशाला येईल? अशा वह्या आपण भक्तीने जपतो. एखादा पदार्थ माहीत असणाऱ्याला त्या पुरतात, शिकणाऱ्याला नाही. म्हणून मी आता माझ्या वहीत ‘नेहमीप्रमाणे’ लिहीत नाही. चमचा लिहिते.

संध्याकाळच्या पुस्तकांचा प्रश्न वेगळा. काका सूर्यास्ताआधी जेवतात. थंडीत सहाच्या आत ताट धुऊन होतं, आणि साडेदहाला झोप. मधले साडेचार तास. पूर्वी ते कसे जात हे त्यांना सांगता येत नव्हतं. काकू बोलत, ते हं म्हणत. या तासांना ‘चांगलं पुस्तक’ एवढं पुरत नाही. ते एका बैठकीत एक घास घेऊन ठेवता यावं, टाइप मोठा असावा, आणि रात्री नऊ वाजता एकट्या घरात मिटल्यावर ते माणसाला कुठे सोडतं हे आधी बघितलेलं असावं.

या शेवटच्या कसोटीवर काही मोठी पुस्तकं मागे ठेवावी लागतात. एका पाहुण्यांनी काकांना जयवंत दळवींचं ‘संध्याछाया’ दिलं, म्हाताऱ्या माणसांचं आहे म्हणून. नाटक उत्तम आहे, यात वाद नाही. पण मुलं दूर गेलेल्या वृद्ध जोडप्याचं ते एकाकीपण आणि तो शेवट प्रेक्षागृहात शेजारी माणूस असताना सोसतो. वाचकाचा विषय आणि पुस्तकाचा विषय एक असला म्हणजे पुस्तक योग्य, हा समज काढून टाकायला हवा.

याउलट ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाई टिळकांनी नवरा गेल्यावर काही वर्षांनी नवऱ्याबद्दल लिहिलं, आणि काय लिहिलं! टिळकांचा विसराळूपणा, राग, पैशाचा बेहिशेब, काही झाकलेलं नाही. तरी वाचताना त्या माणसाबद्दल माया वाटते. आपल्याकडे गेलेल्या माणसाचे गुणच सांगायची रीत आहे. काकांनाही वर्षभर सगळे काकूंचे गुण ऐकवत होते. या पुस्तकाची पंचवीस-तीस पानं झाल्यावर ते एकदा स्वतःहून म्हणाले, “तुझी काकू भांडायला लागली की भांड्यांचे आवाज वाढायचे, बघ.” आणि हसले. गुणांच्या यादीतून हे निघालं नसतं.

प्रकाश नारायण संतांचा लंपन मात्र काका हळूहळू वाचतात. ‘वनवास’पासून सुरू करावं. आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांच्या घरी राहणारा मुलगा; नवं घर, नवे आवाज, आणि आपल्या सीमाभागाची कन्नड मिसळलेली बोली. पुण्याच्या वाचकाला ती बोली गोड वाटते, आपल्याला ती घरची आहे. एक कथा एका संध्याकाळी होते. शिवाय लंपन सगळं बारकाईने बघतो, आणि नव्या घरात रुळायचं म्हणजे बघावंच लागतं. वयाचं अंतर साठ वर्षांचं असलं तरी काम दोघांचं एकच आहे.

दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ मी तिसरं ठेवलं, पण अट घालून. बारा महिन्यांचं पुस्तक आहे. त्या महिन्याचा लेख त्या महिन्यातच वाचायचा, आणि सकाळी फिरताना तो पडताळून बघायचा. सलग वाचलं तर झाडंफुलं एकमेकांत मिसळतात आणि कंटाळा येतो. हा दुर्गाबाईंचा दोष नाही, आपल्या घाईचा आहे.

आणि पुस्तकं विकत घेऊन ढीग लावू नये. वाचनालयातून एका वेळी दोनच आणावीत. ती परत करायला दर गुरुवारी घराबाहेर पडावं लागतं, कपडे बदलावे लागतात, काउंटरवर दोन शब्द बोलावे लागतात. मुलाने पाठवलेल्या बारा नव्या पुस्तकांच्या खोक्यात ही सोय नव्हती.

चार महिने परवा पूर्ण झाले. हुबळीचं नाव निघालं नाही. काकूंच्या वहीत आता पेन्सिलीने समासात लिहिलेलं दिसतं: तूरडाळ पाव वाटी. शिट्ट्या चार. आणि जिथे काकूंनी ‘मीठ नेहमीप्रमाणे’ लिहिलंय, तिथे काकांच्या अक्षरात: पाव चमचा, सपाट.