आढावा कोणता आणि निष्कर्ष कोणता?

१० फेब्रुवारी जवळ आला की शाळाशाळांतून जंतनाशक गोळीची तयारी सुरू होते. २०१५ पासून हा राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि अल्बेंडाझोलची गोळी मुलांना चावून खायला देण्याचे काम बहुतांशी शिक्षकांकडेच असते. त्यामुळे शिक्षकांच्या खोलीत एक प्रश्न हमखास निघतो: या गोळीने मुलांचे वजन, हजेरी, अभ्यास यांत खरोखर फरक पडतो का?

हाच प्रश्न घेऊन लिहिलेला एक निबंध अलीकडे आमच्याकडे वाचायला आला. लेखकाने मेहनत घेतली होती. त्याने इंटरनेटवर शोधून तेवीस शोधनिबंध जमवले, त्यांचा तक्ता केला आणि शीर्षकात ‘स्कोपिंग रिव्ह्यू’ असे लिहिले. शेवटी निष्कर्ष असा: चौदा निबंध गोळीच्या बाजूने, नऊ विरुद्ध, म्हणून गोळी उपयुक्त आहे. या निबंधातील तक्ता आम्हाला आवडला, पण निष्कर्ष मुळीच पटला नाही. का पटला नाही, हे सांगण्यासाठीच हा लेख. कारण ही चूक एकट्याची नाही. आढावा एका जातीचा आणि निष्कर्ष दुसऱ्या जातीचा, असे लेखन आता वारंवार दिसते.

स्कोपिंग रिव्ह्यूला आपण व्याप्ती-आढावा म्हणू. त्याची कार्यपद्धती आर्क्सी आणि ओ’मॅली यांनी २००५ मध्ये मांडली. एखाद्या विषयावर कोणी, कोठे, कोणत्या वयाच्या मुलांवर, काय मोजले, याचा नकाशा काढणे हे त्याचे काम. जंतांच्या बाबतीत त्याचा प्रश्न असा असेल: शाळेतील जंतनाशक कार्यक्रमांच्या अभ्यासांत कोणकोणते परिणाम मोजले गेले आणि हजेरी मोजली असेल तर कशी? हजेरीपटावरून मोजली, की अचानक भेट देऊन वर्गातील मुले मोजून? हा प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर मिळाले तर पुढचा संशोधक कोणती जागा रिकामी आहे ते पाहू शकतो. पण नकाशात गाव दिसले म्हणून तेथील विहिरीला पाणी आहे की नाही हे कळत नाही. व्याप्ती-आढाव्यात प्रत्येक अभ्यासाचा कस सहसा पाहिला जात नाही. म्हणून ‘उपयोग होतो का’ या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार त्याला नाही.

तो अधिकार पद्धतशीर आढाव्याचा, म्हणजे सिस्टिमॅटिक रिव्ह्यूचा. येथे प्रश्न आधी घट्ट बांधावा लागतो: कोणती मुले, कोणता उपचार, कशाशी तुलना, कोणता परिणाम. मग आराखडा लिहून तो शोध सुरू करण्यापूर्वी नोंदवायचा. त्यासाठी २०११ पासून प्रॉस्पेरो ही आंतरराष्ट्रीय नोंदवही आहे. (व्याप्ती-आढावे तेथे स्वीकारत नाहीत, यातच दोघांतील फरक दिसतो.) एकाहून अधिक संग्रहांत शोध घ्यायचा, सापडलेले सारांश दोघांनी एकमेकांना न विचारता चाळायचे, प्रत्येक प्रयोगात पक्षपाताला कोठे वाव राहिला हे तपासायचे आणि मगच, जमत असेल तर, आकड्यांची एकत्रित बेरीज करायची.

आता आपल्या निबंधातील ‘चौदा विरुद्ध नऊ’ या मतमोजणीकडे वळू. एक काल्पनिक उदाहरण सोडवून पाहू. समजा, गोळीमुळे वर्षभरात मुलाचे वजन सरासरी १५० ग्रॅमने खरोखरच जास्त वाढते. एका प्रयोगात गोळी दिलेली ५० आणि न दिलेली ५० मुले आहेत. मुलामुलांच्या वजनवाढीतील प्रमाण विचलन १ किलो धरू. तर दोन गटांच्या सरासरींतील फरकाची प्रमाण त्रुटी, १ गुणिले २/५० चे वर्गमूळ, म्हणजे ०.२ किलो येते. खरा फरक १५० ग्रॅमचा आणि नुसत्या योगायोगाने होणारी हालचाल २०० ग्रॅमची! असे दहा प्रयोग केले तर त्यांपैकी आठ-नऊ प्रयोग ‘फरक आढळला नाही’ असेच सांगतील. मतमोजणी केली तर गोळी सपशेल पडेल. पण त्या दहा प्रयोगांचे आकडे रीतसर एकत्र केले, तर दोन्ही बाजूंना ५००-५०० मुले होतात आणि त्रुटी सुमारे ६३ ग्रॅमवर उतरते. आता १५० ग्रॅम स्पष्ट उठून दिसतात. म्हणजे बहुमत ‘नाही’ म्हणत असताना खरे उत्तर ‘हो’ असू शकते. उलटही घडते: अनुकूल चौदांपैकी दहांनी तुलनेचा गटच नीट निवडला नसेल, तर बहुमत ‘हो’ म्हणेल आणि ते खोटे ठरेल. प्रयोगाचा आकार आणि कस या दोन गोष्टी मतमोजणी पाहतच नाही.

जंतांच्या प्रश्नावर खरे पद्धतशीर आढावे झालेले आहेत. कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्याच्या २०१९ च्या आवृत्तीत ५१ प्रयोग घेतले आहेत. त्यांतला एक एकटाच दहा लाखांहून अधिक मुलांचा असून तो उत्तर प्रदेशात झाला. बाकीच्या पन्नासांत मिळून सुमारे ८४ हजार मुले आहेत. वस्तीतील सर्वच मुलांना, तपासणी न करता, गोळी दिल्यास सरासरी वजन, रक्तातील हिमोग्लोबिन, शाळेतील प्रगती किंवा मृत्युदर यांत म्हणण्याजोगा फायदा दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष. याउलट, काही अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये कॉक्रेनच्या आधीच्या आवृत्तीवर आक्षेप घेतला. काही प्रयोगांचे उपलब्ध आकडे तीत गणलेच नव्हते. ते धरले तर वजनात लहान पण खरी वाढ दिसते, असे त्यांचे म्हणणे.

वाचक म्हणतील, मग पद्धतशीर आढाव्याने तरी काय साधले? मतभेद राहिलाच की! आमचे उत्तर असे, की मतभेद नेमका कोठे आहे ते दाखवता आले. कोणता प्रयोग घेतला, कोणता वगळला, कोणता आकडा कसा काढला, हे दोन्ही बाजूंनी लिहून ठेवले आहे; तिसरा माणूस ते पुन्हा तपासू शकतो. शिवाय यातला कोणताही आढावा ‘जंत झालेल्या मुलाला औषध देऊ नये’ असे म्हणत नाही. वाद सरसकट वाटपाच्या सरासरी फायद्याचा आहे. प्रश्न घट्ट बांधला नसता तर हा भेद निसटला असता.

मात्र पद्धतशीर आढावा स्वस्त नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, प्रॉस्पेरोतील नोंदणीपासून प्रसिद्धीपर्यंत सरासरी सुमारे ६७ आठवडे लागल्याचे दिसले. निर्णय पुढच्या सोमवारी घ्यायचा असेल तर काय? तेथे झटपट आढावा, म्हणजे रॅपिड रिव्ह्यू क्षम्य ठरतो. २०२० च्या एप्रिलमध्ये लॅन्सेट गटाच्या एका नियतकालिकात शाळाबंदीवर असा आढावा आला. ६१६ लेखांतून १६ निवडले होते, त्यांत समीक्षा न झालेले मसुदेही होते. पुरावा मुख्यतः २००३ च्या सार्स साथीचा आणि गणिती प्रतिमानांचा. शाळाबंदीमुळे ती साथ आटोक्यात येण्यास हातभार लागला नाही, असे त्या अभ्यासांतून दिसत होते. पण कोविडबद्दलचा प्रत्यक्ष पुरावा फारच तोकडा आहे, हेही लेखकांनी सांगितले. आम्हाला हे लेखन प्रामाणिक वाटते. दोष नंतरच्या काहींचा: नवा पुरावा आल्यावरही तोच आढावा ते दाखल्यासारखा उद्धृत करत राहिले. झटपट आढाव्याला औषधाच्या पाकिटासारखी मुदत असते.

झटपटपणाची किंमत मोजताही येते. दोघांऐवजी एकानेच सारांश चाळले, तर सुमारे १३ टक्के योग्य अभ्यास हातून सुटतात. दोघांनी चाळले तर ३ टक्के, असे २०२० च्या एका मोठ्या प्रयोगात आढळले. एकूण योग्य अभ्यास तीस असतील, तर एकटा माणूस चार गमावतो आणि जोडी एक. दोनशे प्रयोगांच्या विषयात एवढ्याने फारसे बिघडत नाही, पण पाचच प्रयोग असतील तर एक सुटल्यानेही उत्तर फिरू शकते. म्हणून निर्णयाची तारीख ठरलेली, प्रश्न अरुंद, निर्णय पुढे बदलता येण्याजोगा आणि घेतलेली प्रत्येक आडवाट लेखात नमूद केलेली, या चार अटी पुऱ्या होत असतील तरच झटपट आढावा चालेल. ‘वेळ नव्हता’ हे निर्णयाबाबतचे कारण असावे, लेखकाच्या आळसाचे नव्हे.

राहिला वर्णनात्मक आढावा, जाणत्या माणसाने आपल्या वाचनातून लिहिलेला. जंतांचा शोध कसा लागला, मातीतून शरीरात जाणारे त्यांचे चक्र कसे उलगडले, याबद्दलच्या कल्पना कशा बदलल्या, हे सांगायला तोच उत्तम. त्याला चाळणी लावणे व्यर्थ. पण तोच लेखक ‘म्हणून हे औषध गुणकारी’ म्हणू लागला की सावध व्हावे. लायनस पॉलिंग यांच्याएवढा थोर रसायनशास्त्रज्ञही येथे घसरला. त्यांनी १९८६ च्या पुस्तकात क जीवनसत्त्वाने सर्दी टळते असे अनेक प्रयोगांच्या आधारे मांडले. निपशिल्ड यांनी १९९४ मध्ये पद्धतशीर शोध घेतला, तेव्हा एकूण ६१ प्रयोग सापडले. त्यांतील पंधरा कसदार होते आणि त्या पंधरांपैकी पाचांचा पॉलिंग यांनी उल्लेखही केला नव्हता. पॉलिंग यांनी मुद्दाम लपवले असे मानायचे कारण नाही. माणसाला आपल्या मताला जुळणारे आधी सापडते आणि लवकर आठवते. चाळणी आधीच ठरवून ठेवायची ती याचसाठी.

आता त्या निबंधाकडे परत येऊ. लेखकाला आम्ही सुचवले ते असे: तक्ता ठेवा, मतमोजणी खोडा. कोणते संग्रह, कोणते शब्द, कोणत्या तारखेपर्यंत शोधले ते लिहा. शेवटचे वाक्य ‘गोळी उपयुक्त आहे’ असे नको. ‘तेवीसपैकी इतक्याच अभ्यासांत हजेरी मोजली आणि इतक्यांनीच ती भेट देऊन मोजली’ असे हवे. व्याप्ती-आढाव्याला एवढेच सांगता येते, आणि ते थोडे नाही.

वाचकांनीही आढावा हाती घेतल्यावर शीर्षक वाचून लगेच शेवटचा परिच्छेद वाचावा. शीर्षकात नकाशा आणि शेवटी फैसला असेल, तर मधली पाने कितीही सुबक असोत, तो फैसला मानू नये.