'अमानत' : पाटीवरचा शब्द

आपल्या कथांत मुस्लिम स्त्री बहुधा तलाक किंवा बुरखा यांच्या संदर्भातच येते. 'अमानत' या कथेतली शकीला मात्र कारागीर म्हणून भेटते. तालुक्याच्या गावात तिचे 'अमानत लेडीज टेलर्स' हे छोटे दुकान आहे. नाव कानाला बरे वाटले म्हणून ठेवलेले. त्याचा अर्थ तिला एक गिऱ्हाईक शिकवते.

सुमनकाकूंनी मुलीच्या कमीजसाठी चव्वेचाळीस इंच पन्ह्याचे अडीच मीटर कापड दिलेले असते. उंची अडतीस इंच. दुमड धरून पुढचा-मागचा भाग ऐंशी इंचांत बसतो, बाह्या कडेच्या पट्टीतून निघतात. म्हणजे जवळजवळ अर्धा मीटर कापड उरते. असे तुकडे शकीला कारागिराचा हक्क समजून ठेवते आणि झबली शिवून आठवडी बाजारात विकते. एके दिवशी काकूंना बाजारात आपलेच कापड दिसते. त्या भांडत नाहीत. एवढेच म्हणतात, "पाटी वाचून वाटलं, तुझ्याकडे जपून असेल."

इथे लेखिकेने दोन भाषांचा चांगला उपयोग केला आहे. मराठीतला 'अनामत' हा शब्द 'अमानत'वरूनच आला. काकू पाटी मराठीतून वाचतात : ठेवलेले परत मिळते. उर्दू शिकवताना मी 'अमन', 'ईमान', 'अमीन' आणि 'अमानत' हे एकाच धातूचे शब्द फळ्यावर शेजारी लिहितो. शकीलाने तो धडा कधी गिरवलेला नाही. तिचा धडा काकूच घेतात.

पुढचा प्रसंग कथेचा प्राण आहे. एक सासू सुनेची मापे विचारायला येते. दोन महिन्यांत कंबर किती वाढली, एवढेच तिला हवे असते. शकीला वही मिटते. कापडासारखीच मापेही ठेव आहेत, हे तिला तेव्हा उमगते. लेखिका ते शब्दांत सांगत नाही, वहीवर ठेवलेला हात फक्त दाखवते.

या प्रामाणिकपणाची किंमतही कथेत आहे. उरलेला तुकडा कपड्याला टाचून परत देऊ लागल्यावर झबल्यांचे पैसे बंद होतात. शिलाई वाढवली तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते. त्या महिन्याचे वीजबिल थकते. म्हणूनच कथा बोधकथा होत नाही.

शेवटाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. मौलवीसाहेब येऊन सूरह निसातली, अमानती हक्कदारांना परत करण्याची आज्ञा समजावतात. आज्ञा खरी आहे, पण शकीलाने ती आधीच पाळली आहे. मौलवीसाहेबांमुळे श्रेय तिच्याकडून निसटते. टाचणी लावलेला पहिला तुकडा काकूंच्या हाती पडतो, तिथेच कथा संपायला हवी होती.