व्हय म्हाराजा : विचारणाऱ्याला दिलेला हुंकार

'आपणांस तसदी देत आहे, माफी असावी,' हे वाक्य ज्याने कधी लिहिले नाही असा मराठी माणूस विरळा. कोणाकडे काही विचारायला जायचे तर आधी क्षमा मागायची आणि मग विचारायचे, ही आपली जुनी रीत आहे. या रीतीवर बोट ठेवणारे पुष्कळ भेटतात. कोणी तिला लाचारी म्हणतात, कोणी सभ्यता. मला मात्र त्या वाक्यापेक्षा त्याच्या उत्तराविषयी बोलायचे आहे. माफी मागत आलेल्या माणसाला आपण पहिले जे बोलतो, त्यावर तो पुढे काय विचारणार आणि किती खरे विचारणार हे ठरते. असे असून आपल्या कथा-कादंबऱ्यांत हे उत्तर बहुधा भरतीचे वाक्य म्हणून येते. 'छे, छे, त्रास कसला!' एवढे पात्राच्या तोंडी घातले की लेखक पुढे सरकतो.

प्रथम तो शब्दच पाहू. 'तसदी' आपल्याकडे अरबी-फारसीतून आला. मूळ शब्दाचा अर्थ डोकेदुखी देणे असा आहे. म्हणजे तसदीची माफी मागणारा म्हणत असतो की, मी आपल्या डोक्याला ताप देणार आहे. हे एका परीने खरेच असते. प्रश्न आला की ऐकणाऱ्याचे हातातले काम थांबते, त्याला विचार करावा लागतो. म्हणूनच 'त्रास कसला' हे उत्तर मला अपुरे वाटते. विचारणाऱ्याला दिसत असते की समोरच्याच्या हातात भाकरीचा तुकडा आहे किंवा पुढ्यात तपासायच्या वह्यांचा ढीग आहे. त्रास नाहीच असे म्हणून आपण त्याच्या डोळ्यांना खोटे पाडतो. तो तोंडाने 'बरे' म्हणतो, पण मनातला संकोच जात नाही.

मग काय म्हणावे? याचे उत्तर मला आमच्या मालवण मुलखातल्या गाऱ्हाण्यात सापडते. गाऱ्हाणे म्हणजे तक्रार असा अर्थ घाटावर रूढ आहे. आमच्याकडे गाऱ्हाणे म्हणजे देवापुढे उभे राहून रीतसर केलेले मागणे. मुलगा मुंबईस कामाला निघाला, नवे होडके पाण्यात लोटायचे आहे, घरात लग्न ठरले आहे, अशा वेळी देवळात जाऊन गाऱ्हाणे घालतात. ते बहुधा गावचा मानकरी किंवा गुरव घालतो. ज्याचे मागणे तो हात जोडून बाजूला उभा असतो. आधी देवाला त्याच्या नावाने हाक, मग कोण आला आहे, कोणाचा मुलगा, कोणत्या वाडीतला हे सांगणे, मग काही चुकले-माकले असेल तर पदरात घे अशी विनवणी आणि शेवटी प्रत्यक्ष मागणे. तसदीच्या पत्राचीच ही चाल आहे.

गाऱ्हाण्यातली खरी लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. घालणारा एक वाक्य म्हणतो आणि थांबतो. लगेच भोवती उभी असलेली माणसे एका आवाजात म्हणतात, 'व्हय म्हाराजा!' पुन्हा वाक्य, पुन्हा 'व्हय म्हाराजा!' असे शेवटपर्यंत चालते. हे देवाचे उत्तर नव्हे. मागणे मान्य झाले असाही त्याचा अर्थ नाही. देवाचे उत्तर हवे असेल तर त्यासाठी वेगळा विधी आहे, तो म्हणजे कौल. पाषाणाला ओल्या पाकळ्या लावतात. देवळागणिक रीत थोडी बदलते, पण सामान्यतः उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. म्हणजे 'विचार, आम्ही ऐकत आहोत' हे सांगणारी माणसे वेगळी आणि 'होय' किंवा 'नाही' म्हणणारा कौल वेगळा. धीर देणे आणि उत्तर देणे ही दोन कामे आमच्या वाडवडिलांनी दोन हातांत ठेवली. माझ्या सांगण्याचा सगळा भर या एका गोष्टीवर आहे.

आचऱ्याची गावपळण पाहिली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. आचरे हे मालवण तालुक्यातले मोठे गाव. तिथे दर काही वर्षांनी श्री रामेश्वराचा कौल घेऊन सगळा गाव घरेदारे बंद करून वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस, तीन रात्री माळावर झोपड्या बांधून राहतो. परत येतानाही कौल घ्यावा लागतो. तो मिळाला नाही तर मुक्काम वाढतो. आता विचार करा, बायकामुले, गुरेढोरे, कोंबड्या घेऊन माणसे उघड्यावर आहेत, आणि विचारायचे आहे ते एवढेच की, आता घरी जाऊ का? उत्तर 'नाही' येऊ शकते, हे प्रत्येकाला माहीत असते. तरी विचारण्याची भीती कोणाला वाटत नाही. कारण नकार मिळाला तरी तो प्रश्नाला मिळतो, विचारणाऱ्याला नाही. कोणी 'कशाला विचारलेत?' असे म्हणत नाही.

गाऱ्हाणे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले ते गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण' नाटकाने. १९८० साली ते रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळी यांनी मालवणी बोली घरोघर पोचवली. त्या नाटकाचे ऋण मी मानतो. पण रंगमंचावर गाऱ्हाणे आले की 'व्हय म्हाराजा' ही हशाची जागा होते, आणि पुढे नकला करणाऱ्यांनी तर तेवढेच उचलले. देवळात त्या दोन शब्दांचे काम हसवण्याचे नसते. तिथे ते हुंकाराचे काम करतात. आजी गोष्ट सांगते तेव्हा नातवाने 'हूं' म्हणावे लागते, नाहीतर गोष्ट थांबते. हा हुंकार तसाच आहे. फरक इतकाच की, इथे तो सांगणाऱ्याचे अवघडलेपण घालवतो. 'चुकलं-माकलं पदरात घे' या वाक्यालाही लोक 'व्हय म्हाराजा'च म्हणतात. 'छे, तुझे काही चुकले नाही' असे कोणी म्हणत नाही. माफी ऐकून घेतली, आता पुढचे बोल, एवढाच त्याचा अर्थ.

हीच रीत आमच्या दारातल्या बोलण्यातही आहे. शेजारीण दुपारच्या जेवणाच्या वेळी पायरीवर येते आणि म्हणते, 'मास्तरानू, आसात काय घरात? जरा तरास देवक इलंय.' आमच्याकडचे जुने उत्तर आहे, 'येवा, बसा. काय ता सांगा.' यात त्रासाचा उल्लेखही नाही. 'येवा' या शब्दात माफी पोचल्याची पावती आहे, 'बसा' मध्ये घाई नसल्याचे सांगणे आहे आणि 'काय ता सांगा' मध्ये प्रश्नाला वाट करून दिली आहे. फारच संकोच दिसला तर वडीलधारे माणूस म्हणते, 'इचारूक काय पैसे पडतत?' आणि खरोखरच सवड नसेल तर तेही सांगता येते: 'आता जेवतंय, तिनाक येवा.' हे उत्तर 'कधीही या हो' यापेक्षा मला अधिक प्रेमाचे वाटते. 'कधीही' म्हणजे कोणतीच वेळ नाही. तीन म्हटले की माणूस तीनला येतो, आणि या वेळी माफी न मागता येतो.

धीर पोचला नाही हे ओळखण्याच्या दोन खुणा शाळेच्या नोकरीत मला नेहमी दिसतात. पहिली, माफी पुन्हा पुन्हा येते. एकदाची माफी ही रीत असते. तिसऱ्यांदा आली तर समजावे की आपले उत्तर कुठेतरी अडले आहे. दुसरी खूण अधिक बारीक आहे. पालक येतो, परीक्षेच्या तारखेविषयी विचारतो, उठतो, आणि वहाणा पायात घालता घालता म्हणतो, 'आणखी एक होते...' ते 'आणखी एक' हेच त्याचे खरे कारण असते. फी भरता येत नाही, मुलगा घरी बोलत नाही, असे काहीतरी. बैठकीत त्याला हुंकार मिळाला नाही म्हणून प्रश्न उंबरठ्यापर्यंत लांबला. ज्या कादंबरीकाराला ही उंबरठ्याची जागा दिसते, त्याला संवाद लिहायला शिकवावे लागत नाही.

बोलण्यात निदान चेहरा दिसतो. पत्रात तोही नाही, म्हणून तिथे उत्तराची परीक्षा कडक होते. नमुन्यादाखल एक पत्र रचतो. एक तरुण लेखक एका अनोळखी वडील लेखकास लिहितो: 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष. आपल्या कामात व्यत्यय आणत आहे, क्षमा असावी. प्रश्न कदाचित क्षुल्लक वाटेल. माझ्या कथेतली माणसे मालवणी बोलतात. सर्व संवाद मालवणीत लिहिले तर घाटावरच्या वाचकाला कळतील का?'

याला एक उत्तर असे जाते: 'क्षमा कसली मागता! आम्हीही एकदा नवखे होतो. आपल्यासारख्या तरुणांची पत्रे हाच आमचा आनंद.' असे अर्धे पान भरते आणि प्रश्न खाली दोन ओळींत उरकला जातो. तरुणाचे समाधान होत नाही आणि पुन्हा विचारण्याची हिंमतही उरत नाही, कारण इतक्या गोडव्यावर दुसरा प्रश्न टाकणे त्याला कृतघ्नपणा वाटतो. दुसरे उत्तर याच्या उलट: 'संवाद मालवणीत लिहावेत. कळावे.' उत्तर चूक नाही. पण तरुणाने प्रश्नाला क्षुल्लक म्हटले होते, ते या उत्तराने खरे ठरवले.

तिसरे उत्तर मी असे लिहीन: 'पत्र पोचले. प्रश्न क्षुल्लक नाही. बोलीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला तो पडतो. क्रियापदे आणि प्रत्यय मालवणीच ठेवा. माका, तुका, खंय हे शब्द वाचकाला दोन पानांत सवयीचे होतात. अडतात ती नामे. माशांची, अवजारांची, झाडांची नावे जिथे प्रथम येतील तिथे शेजारच्या वाक्यात ती वस्तू काय करते हे दिसू द्या, म्हणजे कंसात अर्थ द्यावा लागणार नाही. एखादा संवाद लिहून पाहा आणि जिथे अडेल तेवढेच मला पाठवा.'

या पत्रात माफीला एकच वाक्य मिळाले आहे, आणि ते माफीविषयी नसून प्रश्नाविषयी आहे. माणसाचा संकोच बहुधा आपला प्रश्न विचारण्यालायक आहे की नाही यावर असतो. त्या शंकेला उत्तर मिळाले की तो सुटतो. शेवटचे वाक्य दार उघडे ठेवते, पण किती उघडे तेही सांगते. सगळी कथा वाचून देण्याची तयारी नसेल तर तसे भासवू नये. खोट्या आमंत्रणाने दुखावलेला माणूस पुढच्या दारात जास्त वाकून उभा राहतो.

तेव्हा 'तसदी माफ' म्हणणाऱ्याला लाचार ठरवण्याचे कारण नाही, आणि त्याची माफी खोडून काढण्याचेही नाही. त्याने आपली पायरी चढून गाऱ्हाण्याचे पहिले वाक्य म्हटले आहे आणि तो थांबला आहे. कौल उजवा द्यायचा की डावा, ते त्याचे मागणे पुरते ऐकल्यावर ठरवता येईल. या क्षणी आपल्याकडून त्याला एक हुंकार हवा आहे, आणि तो देण्याआधी उत्तर ठाऊक असण्याची काहीच गरज नाही.