फ्रायडेची जीभ कुणी कापली?

मंडळी, गेल्या खेपेला आपण ‘मृत्युंजय’वर बोललो. उपेक्षित पात्राच्या तोंडून जुनी कथा पुन्हा सांगणं मराठी वाचकाला नवं नाही. आपला कर्ण १९६७ सालीच स्वतः बोलायला लागला, आणि त्याच्याबरोबर वृषाली, शोण, कुंतीही बोलल्या. पण महाभारत आपल्याच घरातलं. भांडण झालं तरी ते भाऊबंदकीचं. ज्या पुस्तकानं साहेबाला ‘आपण जग का चालवायचं’ हे शिकवलं, त्याच पुस्तकातल्या नोकरानं उठून उभं राहायचं, हा प्रकार निराळा आहे. आज त्याबद्दल बोलू, आणि तेही बहुतेक एकाच कादंबरीबद्दल. जे. एम. कोएत्झी यांची ‘फो’, १९८६.

आधी मूळ पुस्तक. ‘रॉबिन्सन क्रूसो’ १७१९चं. शाळेत आपण त्याची संक्षिप्त आवृत्ती वाचतो, तीत बेट असतं, शेळ्या असतात, वाळूतलं पाऊल असतं. गाळलेलं असतं ते हे की क्रूसो बेटावर पोचला तो गुलाम आणायला निघाला असताना. ब्राझीलमध्ये त्याची शेती होती, मजूर हवे होते, म्हणून जहाज आफ्रिकेकडे निघालं आणि फुटलं. त्याच्याही आधी, तो स्वतः मूरांच्या कैदेत असताना, झुरी नावाचा पोरगा त्याच्याबरोबर पळाला होता. वाटेत त्यांना पोर्तुगीज कप्तान भेटला. क्रूसोनं झुरी त्याला साठ नाण्यांना विकला. अट अशी की पोरगा ख्रिस्ती झाला तर दहा वर्षांनी मोकळा. पुढे ब्राझीलमध्ये कामाला हात कमी पडतात तेव्हा क्रूसोला झुरी आठवतो, आणि विकल्याचा पश्चात्ताप होतो. कशाबद्दल पश्चात्ताप, ते बघा.

मग फ्रायडे. क्रूसो त्याला नाव देतो, आणि स्वतःचं नाव सांगताना ‘मास्टर’ म्हणायला शिकवतो. नंतर ‘हो’ आणि ‘नाही’. नोकराला लागणारं सगळं व्याकरण तेवढ्यात आलं.

कोएत्झींनी काय केलं? त्यांनी बेटावर एक बाई आणली, सुझन बार्टन. हरवलेल्या मुलीला शोधत ती ब्राझीलला गेली होती. परतताना जहाजावर बंड झालं आणि तिला समुद्रात सोडून देण्यात आलं. बेटावर तिला क्रूसो भेटतो. हा क्रूसो रोजनिशी ठेवत नाही, फारशी अवजारं करत नाही. दगड रचून डोंगरउतारावर पायऱ्या बांधतो, आणि पेरायला बी मात्र नाही! फ्रायडे आहे, पण त्याला जीभ नाही. गुलामांच्या व्यापाऱ्यांनी कापली, असं क्रूसो सांगतो. सुझनला पुढे शंका येते, क्रूसोनंच तर कापली नसेल? कादंबरी याचं उत्तर देत नाही. क्रूसो इंग्लंडच्या वाटेवर मरतो. सुझन फ्रायडेला घेऊन फो नावाच्या लेखकाला गाठते (डिफो यांचं जन्मनाव फोच होतं) आणि म्हणते, आमची गोष्ट लिहा. लेखकाला मात्र नरभक्षक हवेत, हरवलेली मुलगी हवी. बेटावरचं निवांत, कंटाळवाणं वर्ष त्याला विकाऊ वाटत नाही.

म्हणजे इथे सीमेवर दोघं आहेत, आणि त्यांच्यातही उतरंड आहे. सुझनला आवाज आहे, तो लेखक गिळायला बघतो. फ्रायडेला आवाजच नाही, आणि त्याची गोष्ट सुझन गिळायला बघते. चांगल्या हेतूनं, पण बघते.

असल्या कादंबऱ्या वाचताना आम्ही एक साधी तपासणी करतो. ज्याला न्याय दिला, त्याच्या पाठीमागे आणखी कोण उभं आहे? जीन ऱ्हीस यांच्या ‘वाइड सारगासो सी’ची (१९६६) कीर्ती मोठी आहे. ‘जेन एअर’मध्ये माळ्यावर कोंडलेली वेडी बायको तिथे स्वतःचं बालपण सांगते. पण तिची काळी दाई क्रिस्तोफीन नवऱ्याला खडसावते आणि कथेतून निघून जाते, तिच्या हाती निवेदन येत नाही. गायत्री स्पिवाक यांनी १९८५ साली यावरच बोट ठेवलं. कोएत्झींना हा धोका ठाऊक आहे. फ्रायडेच्या तोंडी शब्द घालणं म्हणजे पुन्हा ‘मास्टर’ शिकवणं, असं त्यांनी ठरवलं. सुझन त्याला पाटीवर अक्षरं शिकवू जाते, तो चालत्या पावलांवर उघडे डोळे काढत बसतो. पाटी मागितली की पुसून टाकतो. गोऱ्या दक्षिण आफ्रिकी लेखकानं वर्णभेदाच्या काळात काळ्या माणसाच्या वतीनं बोलायचं नाकारलं, याला आम्ही प्रामाणिकपणा म्हणतो.

तरीही आमची तक्रार आहे, आणि ती तत्त्वज्ञानाच्या मास्तराची आहे. डिफोचा फ्रायडे मुका नव्हता. तो मोडकं इंग्रजी बोलतो. क्रूसो त्याला देव आणि सैतान समजावतो तेव्हा हा विचारतो की देव एवढा बलवान, तर सैतानाला मारून का टाकत नाही? आमच्या विषयातला हा सगळ्यात अवघड प्रश्नांपैकी एक, आणि तो ‘रानटी’ म्हटलेल्या माणसानं विचारलाय. क्रूसो काय करतो? ऐकू न आल्यासारखं करतो! साम्राज्याच्या त्या लाडक्या पुस्तकातच मालक निरुत्तर झालेला आहे. कोएत्झींनी नेमक्या याच माणसाची जीभ काढून घेतली.

त्यांची बाजू घ्यायची तर घेता येते. डिफोचा फ्रायडे कॅरिबियन बेटांकडचा, सरळ लांब केसांचा, कोएत्झींचा आफ्रिकी. क्रूसो ज्यांना आणायला निघाला होता, आणि जे मूळ पुस्तकात बेटावर पोचलेच नाहीत, त्यांतलाच एक त्यांनी बेटावर आणला. ही चाल जबरदस्त आहे. पण मग प्रश्न विचारणारा पहिला फ्रायडे कुठे गेला? गप्प बसण्याला आपण समीक्षक फार लवकर थोरपण देतो. मालकाची भाषा बोलला तर बाटला, गप्प राहिला तर शुद्ध, अशी काहीतरी आपली समजूत असते.

ती समजूत किती खरी, हे बघायला केप टाउनला जायला नको. रेवदंड्याची खाडी ओलांडा, कोर्लईला या. चौलला पोर्तुगीज १५२१च्या सुमारास ठाण मांडून बसले, १७४०ला मराठ्यांनी त्यांना घालवलं. किल्ला ओस पडला, पण शिपायांच्या सहवासात, घरीदारी राबताना तयार झालेली बोली किल्ल्याखालच्या गावात राहिली. जेमतेम हजारभर माणसं ती आजही बोलतात. शब्द पुष्कळसे पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी. कुणी कापलेली नाही, कुणी दिलेलीही नाही, घेतलेली आहे. हे लोक तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. पोर्तुगीज ‘लिंग्वा’चे अर्थ दोन: भाषा, आणि जीभ.

‘फो’च्या शेवटी कुणी एक अनामिक बुडालेल्या जहाजात उतरतो. तिथे फ्रायडे आहे. तो त्याचे दात हलकेच उघडतो आणि आतून शब्दांऐवजी एक संथ प्रवाह वाहत येतो, बेटावरून, पृथ्वीच्या टोकांपर्यंत. फार सुंदर लिहिलंय, प्रत्येक वेळी वाचताना आम्ही थांबतो. आणि प्रत्येक वेळी वाटतं, तोंड उघडणारे हात इथेही दुसऱ्याचेच आहेत. डिफोच्या फ्रायडेनं ते स्वतः उघडलं होतं. पुस्तक आणलंय, ते पान खुणेचं कागद घालून ठेवलंय, चहाच्या वेळी ज्यांना बघायचंय त्यांनी बघा.