२८ चा आकडा एका ज्योतिषासाठी होता, बसले होते सत्तावीस

जयंत नारळीकरांनी पुण्यात केलेली ज्योतिषाची चाचणी तुम्ही ऐकली असेलच. सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासोबतचा तो निबंध २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आला. पेटची किंवा सेटची तयारी करत असाल तर मिळवून वाचा, जेमतेम तीन पानं आहेत. निष्कर्ष मला मान्य आहे. माझी तक्रार उत्तीर्ण होण्याच्या आकड्याबद्दल आहे.

प्रयोग साधा होता. शंभर हुशार मुलं आणि विशेष शाळांतली शंभर बौद्धिक दिव्यांग मुलं, अशा दोनशे कुंडल्या. त्यातल्या यादृच्छिकपणे काढलेल्या चाळीस प्रत्येक ज्योतिषाला द्यायच्या आणि त्याने कुठली कुठल्या गटातली ते सांगायचं. उत्तरं सत्तावीस जणांनी पाठवली. नाणं उडवूनही सरासरी २० बरोबर येतात, म्हणून यशासाठी निदान २८ हवेत असं ठरलं.

हा २८ कितपत कडक आहे? R मध्ये एक ओळ लिहा:

```
1 - pbinom(27, 40, 0.5)
```

उत्तर येतं ०.००८३. म्हणजे नुसत्या नशिबावर २८ गाठण्याची संभाव्यता शंभरात एकाहून कमी. एका ज्योतिषासाठी ठीकच. पण कुणीही एक जण पास झाला असता तरी दुसऱ्या दिवशी बातमी झाली असती ना? मग आपला प्रश्न "हा ज्योतिषी नशिबाने पास होईल का" असा राहत नाही, "सत्तावीसपैकी निदान एक तरी होईल का" असा होतो.

इथे बूलची असमानता लागते. पाठ्यपुस्तकात ती अशी असते:

P(A₁ ∪ A₂ ∪ … ∪ Aₙ) ≤ P(A₁) + P(A₂) + … + P(Aₙ)

सूत्र बाजूला ठेवून बघा. हाच प्रयोग दहा हजार वेळा झाला आणि कुणालाच काही येत नाही असं समजा. प्रत्येक ज्योतिषी साधारण ८३ प्रयोगांत नशिबाने पास होईल. सत्तावीस जणांचे मिळून झाले २२४१. दोघं एकाच प्रयोगात पास झाले तर तो प्रयोग आपण दोनदा मोजला, म्हणून बिघडलेले प्रयोग २२४१ पेक्षा कमी असतील, जास्त कधीच नाही. म्हणजे वरची मर्यादा सुमारे २२ टक्के. ढोबळमानाने पाच प्रयोगांमागे एकात कुणीतरी फुकटचा सिद्धपुरुष ठरण्याची मुभा या २८ ने ठेवली होती!

"पण मग 1 − (1 − p)ⁿ का नाही वापरायचं?" हा प्रश्न सेमिनारमध्ये हमखास येतो. वापरलं तर २० टक्के येतात, फरक थोडाच. पण त्या सूत्राला सत्तावीस जण एकमेकांपासून स्वतंत्र लागतात, आणि इथे ते गृहीत धरणं मला पटत नाही. कुंडल्या त्याच दोनशेंतल्या, ग्रहांचे नियमही बरेचसे सामायिक. निकालातच इशारा आहे. सरासरी आली १७.२५. सगळे स्वतंत्र असते तर या सरासरीचं प्रमाण विचलन सुमारे ०.६, म्हणजे ती २० पासून साडेचार विचलनं खाली पडली. उलट सगळ्यांनी एकच नियम लावला असं टोकाचं धरलं, तर दोनशेंपैकी साधारण ८६ बरोबर, आणि ते शंभरापासून जेमतेम दोन विचलनं दूर. खरं काय झालं हे यावरून सिद्ध होत नाही, पण स्वातंत्र्यावर विसंबू नये एवढं नक्की दिसतं. बेरजेच्या मर्यादेला याची फिकीरच नाही. परावलंबन कसंही असो, २२ टक्क्यांच्या वर आकडा जात नाही.

मग किती हवे होते? एकूण धोका ५ टक्क्यांत ठेवायचा तर ०.०५ भागिले २७, म्हणजे प्रत्येकी सुमारे ०.००१८५. २९ ला संभाव्यता ०.००३२, पुरत नाही. ३० ला ०.००११, आणि सत्तावीसपट केली की ०.०३. म्हणून आकडा ३० हवा होता.

याची किंमतही आहे, ती लपवू नये. एखाद्याला खरोखर साठ टक्के अचूक सांगता येत असेल, तर २८ च्या अटीत तो पास होण्याची शक्यता सुमारे १३ टक्के, ३० च्या अटीत साडेतीन. खऱ्यालाही असं पाडणारी परीक्षा कशी सुधारायची? आकडा खाली आणून नाही, प्रत्येकाला जास्त कुंडल्या देऊन.

आणि ही मर्यादा कुठे निकामी होते तेही याच निकालात आहे. सर्वांत वरचे गुण होते २४. नशिबाने २४ किंवा जास्त येण्याची संभाव्यता ०.१३४, सत्तावीसपट केली की ३.६. संभाव्यता एकाच्या वर जात नाही, त्यामुळे "३.६ पेक्षा कमी" या वाक्यातून काहीच कळत नाही. बेरीज एकाजवळ आली की ही असमानता खोटी ठरत नाही, फक्त मुकी होते. २४ चा अर्थ हवा असेल तर परावलंबनाबद्दल काहीतरी गृहीत धरावंच लागेल. स्वतंत्र धरलं तर सत्तावीसांत कुणाला तरी निदान २४ मिळण्याची शक्यता ९८ टक्के निघते.