'एवढं' म्हणजे नेमकं किती? व्हिडिओतली भाकरी कागदावर उतरवताना

यूट्यूबवर ज्वारीच्या भाकरीचा कुठलाही मराठी व्हिडिओ लावा आणि डोळे मिटून फक्त ऐका. "एवढं पीठ घ्यायचं, ह्याच्यात थोडं थोडं पाणी टाकायचं, असं मळायचं, एवढं मऊ झालं की असं थापायचं." आता हेच शब्द कागदावर लिहा. हाती काय राहतं? जवळपास काहीच नाही. 'एवढं', 'असं', 'इतपत' हे शब्द चित्राकडे बोट दाखवतात. चित्र काढून घेतलं की बोट तसंच राहतं, पण समोर काही नसतं.

व्हिडिओवरून पाककृती लिहिणारा माणूस मग ही रिकामी जागा आपल्या परीने भरतो. व्हिडिओखाली हमखास असं दिसतं: ज्वारीचं पीठ दोन वाट्या, पाणी गरजेनुसार, मीठ चवीनुसार. दिसायला नीटनेटकं. पण माझी तक्रार नेमकी त्या 'गरजेनुसार'वर आहे. गरज कोणाची आणि ती ओळखायची कशी, हे व्हिडिओत दिसत होतं. लिहिताना तेवढंच गळालं.

थोडं नीट पाहिलं तर हा 'एवढं' एक नाही, तीन आहेत. तिन्हींचं नुकसान वेगवेगळं होतं, म्हणून त्यांच्यावरचे उपायही वेगळे आहेत.

पहिला 'एवढं' मापाचा. हा भरून काढता येतो. करणारी बाई पीठ मुठीने घेत असेल तर तिला वाटी वापरायला सांगू नका, तिचा हात बदलतो. त्याऐवजी पिठाचा डबा आधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवा. समजा डबा ८४० ग्रॅमचा ७१० झाला, तर १३० ग्रॅम पीठ गेलं. पाण्याच्या तांब्याचंही तसंच. मात्र थापताना खाली भुरभुरलेलं पीठ वेगळ्या वाटीतून घ्यायला सांगा, नाहीतर ते मळायच्या पिठात मिसळून मोजलं जातं. हे चार-पाच भाकऱ्यांना करा आणि सरासरी न लिहिता 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असं लिहा. सर्वसाधारणपणे एक वाटी पिठाला पाऊण वाटीपासून जवळजवळ एक वाटीपर्यंत पाणी लागतं. हा फरक मापातल्या ढिसाळपणाचा नाही, तो पिठातलाच आहे.

कसा? ज्वारीत गहवासारखं ग्लुटेन नसतं. पीठ बांधून ठेवतो तो त्यातला स्टार्च, आणि त्याला चिकटपणा येतो गरम पाण्याने आणि तळहाताने रगडून. आपल्याकडे ह्या चिकटपणाला सरळ शब्द आहे: विरी. शाळू किंवा मालदांडीचं गिरणीतून आजच आणलेलं पीठ आणि तीन आठवडे डब्यात पडलेलं पीठ ह्यांची विरी सारखी नसते. तेव्हा 'पाणी पाऊण वाटी' असा ठाम आकडा लिहिणारा 'गरजेनुसार' लिहिणाऱ्यापेक्षा फार पुढे गेलेला नाही. पहिला काहीच सांगत नाही, दुसरा फक्त त्या दिवसाच्या त्या पिठाबद्दल सांगतो.

इथे दुसरा 'एवढं' येतो, खुणेचा. "एवढं मऊ झालं की" हे माप नाही, ती एक चाचणी आहे. करणारी गोळा तळहातावर दाबते आणि कडेकडे बघते. कड गुळगुळीत राहिली तर पुढे जाते. कडेला भेगा पडल्या तर पाण्याचा हात लावून पुन्हा रगडते. कागदावर हीच चाचणी उतरायला हवी, आणि फसलं तर काय करायचं हेही. कारण भेगांची कारणं दोन आहेत. पाण्याचा हात लावून रगडल्यावर भेगा गेल्या, तर पीठ कोरडं किंवा कमी मळलेलं होतं. गोळा हाताला चिकटायला लागला आणि कड तरीही फुटतेच आहे, तर पिठाची विरी गेलेली आहे. मग आणखी पाणी घालून उपयोग नाही, पुढचा गोळा उकळत्या पाण्यात भिजवायला हवा. व्हिडिओत ह्यातलं दुसरं कारण सहसा दिसतच नाही. फसलेली भाकरी कापून टाकलेली असते. म्हणजे व्हिडिओ जसाच्या तसा लिहून काढणाऱ्याला बिघाडाची माहिती मिळायचीच नाही. ती विचारूनच घ्यावी लागते.

वेळेचंही तेच. व्हिडिओत भाकरी तव्यावर पडते आणि दुसऱ्या क्षणी उलटलेली असते. मध्ये कात्री लागली आहे. व्हिडिओतली १५ सेकंदं ही तव्यावरची १५ सेकंदं नव्हेत. तुमच्या चुलीवरचा लोखंडी तवा आणि दुसऱ्याच्या गॅसवरचा पातळ तवा ह्यांचीही वेळ एक नसते. म्हणून ही पायरी 'एक मिनिटाने उलटा' अशी न लिहिता मी अशी लिहीन:

भाकरीची पिठाची बाजू वर ठेवून ती तव्यावर टाका आणि वरून पाण्याचा हात फिरवा. पाण्याची चमक गेली, पण बोट लावल्यावर अजून ओल जाणवते, तेव्हा उलटा. लवकर उलटली तर ओली बाजू तव्याला चिकटते. उशीर केला तर वर भेगा पडतात, वाफ त्यातून निघून जाते आणि भाकरी फुगत नाही.

एका ओळीची पायरी चार वाक्यांची झाली. पण जिने कधी भाकरी केलेली नाही तिला ती पुरेल.

संशोधनात हा प्रश्न कसा मांडला जातो तेही बघा. मिशिगन आणि रॉचेस्टर विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये 'यूकुक-टू' नावाचा संच प्रसिद्ध केला. त्यात ८९ पदार्थांचे २,००० यूट्यूब व्हिडिओ आहेत. प्रत्येक पायरीची सुरुवात आणि शेवट नोंदवलेला आहे आणि तिच्यासमोर एक इंग्रजी आज्ञार्थी वाक्य आहे. कोणती क्रिया कुठे सुरू होते हे शोधायला हा संच उपयोगी पडतो. पण त्या आराखड्यात वेळ म्हणजे व्हिडिओतली वेळ, आणि पायरी म्हणजे क्रियापद व पदार्थ. 'कधी थांबायचं' आणि 'नाही जमलं तर' ह्यांना वेगळी जागा नाही. भाकरी त्यात बसवली तर 'पीठ मळा, थापा, भाजा' एवढंच उरेल. वाक्य बरोबर, भाकरी गायब.

उलट बाजूही मांडायला हवी. लिहिण्यामुळे नुसतं हरवत नाही. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० मध्ये आली आणि घराघरात गेली, ती वाटी-चमच्याच्या मापांमुळे. शेजारी दाखवायला कोणी नसलेल्या नव्या संसारात त्या मापांनी धीर दिला. व्हिडिओ मागेपुढे करत बसण्यापेक्षा पिठाच्या हाताने कागदावर नजर टाकणं आजही सोपं आहे. म्हणून माझं म्हणणं 'लिहू नका' असं नाही. माप लिहिताना त्याच्या शेजारी खूण लिहा, एवढंच.

राहिला तिसरा 'एवढं', खरं तर 'असं': हाताची हालचाल. काठवटीत बोटांच्या दाबाने भाकरी गोल फिरते, कडेला दाब जास्त, मध्ये कमी. हे मी शब्दांत मांडून पाहिलं; वाचणाऱ्याला दाब किती ते कळत नाही, आणि खरं सांगायचं तर व्हिडिओतही दाब दिसत नाही, फक्त त्याचा परिणाम दिसतो. इथे लेखी पाककृतीने प्रामाणिक राहावं. 'व्हिडिओत अमुक मिनिटाला बघा' असं लिहावं, आणि कशाकडे बघायचं तेही: हाताकडे नाही, भाकरीच्या कडेकडे.