अपेक्षित फरक आणि सहभागींची संख्या : जीवसांख्यिकीतज्ज्ञाच्या ई-मेलची समीक्षा

प्रास्ताविक

वैद्यकीय संशोधनात एका पत्रप्रकाराची पुनरावृत्ती सतत होत असते. चिकित्सक विचारतो, 'अभ्यासासाठी किती रुग्ण लागतील?' जीवसांख्यिकीतज्ज्ञ उलट विचारतो, 'आपणास दोन गटांत किती फरक अपेक्षित आहे?' अपेक्षित फरक लहान सांगितला की उत्तरादाखल येणाऱ्या ई-मेलमधील आकडा चिकित्सकास अवास्तव वाटतो. असा ई-मेल नेमके काय समजावतो, कोठे अपुरा पडतो आणि त्या अपुरेपणाचे परिणाम काय होतात, याचा विचार प्रस्तुत लेखात मराठवाड्यातील एका मोठ्या अभ्यासाच्या आधारे केला आहे.

ई-मेलचा गाभा : सूत्र आणि त्यामागील कारण

अशा ई-मेलचा कल्पित पण प्रातिनिधिक नमुना पुढीलप्रमाणे देता येईल : 'आदरणीय डॉक्टरसाहेब, जुन्या औषधाने ५० टक्के रुग्ण बरे होतात व नव्याने ७० टक्के होतील असे आपण मानले, तर प्रत्येक गटात ९६ रुग्ण पुरतील. नव्याने ६० टक्केच बरे होतील असे मानले, तर ३९६ लागतील. ५५ टक्के मानले, तर १५९६.' हे आकडे n = 16p(1 − p)/d² या स्थूल सूत्राने मिळतात. येथे n ही प्रत्येक गटातील संख्या, p हे दोन्ही गटांतील प्रमाणांची सरासरी व d हा त्यांतील फरक होय. १६ हा अंक दोन संकेतांतून येतो : फरक नसताना तो आहे असे म्हणण्याची शक्यता ५ टक्के आणि फरक असताना तो हाती लागण्याची शक्यता ८० टक्के.

गणित अचूक आहे. परंतु फरक निम्मा झाल्यावर संख्या दुप्पट न होता चौपट का होते, हे सूत्र सांगत नाही. बहुतेक ई-मेल येथेच थांबतात. कारण मात्र साध्या भाषेत सांगता येते. नाणे १०० वेळा उडवले, तर छाप पडण्याचे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास साधारण ५ टक्क्यांनी हेलकावते. हा हेलकावा निम्मा करण्यासाठी २०० नव्हे, तर ४०० वेळा नाणे उडवावे लागते. पुन्हा निम्मा करण्यासाठी १६०० वेळा. योगायोगाचा हेलकावा संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. शोधावयाचा फरक निम्मा असेल, तर त्याला झाकणारा हेलकावाही निम्मा करावा लागतो आणि त्याची किंमत चौपट असते. हे एक वाक्य ई-मेलमध्ये असेल, तर चिकित्सकास आकडा मनमानी वाटत नाही.

उस्मानाबाद जिल्ह्यातील अभ्यास

तत्कालीन उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाचण्यांचा अभ्यास झाला. मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा त्यात सहभाग होता. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया ५२ ग्रामसमूहांतून चार गटांत विभागल्या गेल्या. एका गटाची एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याची पेशी-तपासणी, तिसऱ्याची अॅसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी केलेली तपासणी, अशी प्रत्येकी एकच फेरी झाली. चौथा गट तुलनेसाठी होता. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

आठ वर्षांत तुलनेच्या गटातील ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ या कर्करोगाने दगावल्या. एचपीव्ही गटातील ३४,१२६ पैकी ३४. मृत्युदराचे गुणोत्तर ०.५२ आले व त्याची विश्वासमर्यादा ०.३३ ते ०.८३ होती. डोळ्यांनी तपासलेल्या ३४,०७४ स्त्रियांपैकी ५६ दगावल्या, गुणोत्तर ०.८६, विश्वासमर्यादा ०.६० ते १.२५. पहिला फरक सिद्ध झाला, दुसरा झाला नाही.

दुसऱ्या निष्कर्षाचा 'डोळ्यांनी केलेली तपासणी निरुपयोगी' असा अर्थ लावणे सोपे आहे. पण तो चुकीचा ठरेल. येथे सहभागींच्या नव्हे, मृत्यूंच्या संख्येवर सारे अवलंबून आहे, आणि अनेक ई-मेलमध्ये नेमका हाच मुद्दा सुटतो. वरील दोन संकेत कायम ठेवल्यास ०.५२ इतके गुणोत्तर ओळखण्यासाठी दोन्ही गटांत मिळून सुमारे ७३ मृत्यूंची नोंद पुरते. प्रत्यक्षात ९८ झाली. ०.८६ ओळखण्यासाठी मात्र सुमारे १३८० मृत्यूंची नोंद लागते, झाली १२०. आठ वर्षांत हजारी दोन हा तुलनेच्या गटातील मृत्युदर धरला, तर पहिल्या प्रश्नास सुमारे ४८ हजार स्त्रिया पुरतात, दुसऱ्यास सव्वासात लाखांहून अधिक लागतात. सव्वा लाखांवर स्त्रियांचा अभ्यासही या प्रश्नापुरता लहानच होता.

यात ग्रामसमूहांचा परिणाम धरलेला नाही. एका समूहात सरासरी अडीच हजार स्त्रिया होत्या. एकाच परिसरातील स्त्रियांत साम्य असते व प्रत्येक नवी स्त्री पूर्णतः स्वतंत्र माहिती देत नाही. हे साम्य दर्शविणारा सहसंबंध केवळ ०.०००२ मानला, तरी आवश्यक संख्या दीडपट होते.

विश्वासमर्यादा नीट वाचली, तर 'फरक नाही' आणि 'फरक ठरला नाही' यांतील अंतर स्पष्ट होते. ०.६० ते १.२५ या पट्ट्यात मृत्यू चाळीस टक्क्यांनी घटण्याची शक्यताही सामावलेली आहे. पुढे मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांच्या अभ्यासात याच तपासणीच्या चार फेऱ्या झाल्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत गुणोत्तर ०.६९ आले, म्हणजे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. फेऱ्या वेगळ्या असल्याने दोन्ही अभ्यासांची थेट तुलना करता येत नाही, तथापि ०.६९ हा आकडा उस्मानाबादच्या पट्ट्यात बसतो, हे लक्षणीय आहे.

ई-मेलमधील मौन

अपेक्षित फरक कोणी व कशावरून ठरवावा, याविषयीही ई-मेल सहसा मौन पाळतो. १५९६ हा आकडा पाहून चिकित्सक कळवतो, 'मग फरक वीस टक्के धरा.' सूत्र ९६ देते आणि अभ्यास सुरू होतो. खरा फरक पाच टक्केच असेल, तर तो या अभ्यासात हाती लागण्याची शक्यता दहात एक इतकीच उरते. आणि तो सिद्ध झालाच, तर योगायोगाने फुगलेला असतो. अशी तडजोड ओळखता येते : फरकाच्या समर्थनार्थ पूर्वीचा कोणताही अभ्यास दिलेला नसतो व संख्या उपलब्ध रुग्णांशी तंतोतंत जुळते. रुग्णाच्या दृष्टीने उपचार बदलण्याजोगा किमान फरक कोणता, हा प्रश्न चिकित्सकाचा आहे; त्याचे उत्तर रुग्णसंख्येवरून उलट काढता येत नाही.

मोठ्या संख्येलाही मानवी किंमत असते. उस्मानाबादच्या तुलनेच्या गटास अभ्यासातील चाचणी मिळाली नव्हती आणि अशा गटांवर पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले. लहान फरकासाठी संख्या वाढवणे म्हणजे तुलनेचा गटही वाढवणे होय.

समारोप

म्हणून या ई-मेलचे मूल्यमापन केवळ सूत्राच्या अचूकतेवरून करता येणार नाही. वर्गमुळाचे कारण, मोजावयाच्या घटनांची संख्या, अपेक्षित फरकाचा आधार आणि फरक सिद्ध न झाल्यास काय म्हणता येणार नाही, या चार गोष्टी त्यात असावयास हव्यात. यांतील चौथी सर्वाधिक वेळा वगळली जाते. आणि तिच्याच अभावी ०.८६ हा आकडा 'उपयोग नाही' असा वाचला जातो.